डिझेलच्या टाकीतील पाणी

(इस्लामपूर परिसरातील ट्रॅक्टरमालक व ऊसवाहतूकदार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या वाळवा तालुक्यात यंत्रांचेही एक ऋतुमान आहे. जूनअखेर शेतीची मशागत आटोपली की पुष्कळसे ट्रॅक्टर गोठ्याशेजारी किंवा पत्र्याच्या छपराखाली उभे राहतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या येऊ लागल्या, की तीच यंत्रे दोन-दोन ट्रॉल्या जोडून साखरकारखान्याची वाट धरतात. मधले तीन-चार महिने यंत्र विश्रांती घेत असते, अशी मालकाची समजूत असते. इंजिनापुरती ती खरीही आहे. डिझेलच्या टाकीत मात्र या अवधीत बरेच काही घडत असते, आणि त्याचा हिशेब हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, भरल्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असताना चुकता करावा लागतो.

उदाहरणादाखल एक साधा प्रसंग घेऊ. साठ लिटरच्या टाकीचा एक ट्रॅक्टर आहे. जूनअखेर तो उभा केला तेव्हा टाकीत वीसेक लिटर डिझेल होते. शेतावरच्या खोलीबाहेर वळचणीला दोनशे लिटरचे एक लोखंडी बॅरल उभे करून ठेवलेले होते. ते सुमारे निम्मे भरलेले. ऑक्टोबरात मालकाने हातपंपाने बॅरलमधून टाकी भरली, बॅटरी बदलली, तेलपाणी पाहिले आणि इंजिन सुरू केले. ते थोडे अडखळून चालू झाले. तीन दिवस काम ठीक झाले. चौथ्या दिवशी चढावर इंजिन ‘मिसिंग’ करू लागले, धुराड्यातून पांढरा धूर आला आणि गाडीरस्त्याच्या खड्ड्यात दोन हिसके बसताच ते बंद पडले. डिझेल संपलेले नव्हते. एअर धरली असेल म्हणून पंपाचा स्क्रू सैल केला, तर डिझेलबरोबर पाण्याचे गोल थेंब बाहेर आले.

हे पाणी आले कोठून, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर बहुतेक जण ‘टाकीला घाम येतो’ असे देतात. दिवसा तापलेली टाकी रात्री गार होते, आतल्या हवेतील बाष्प पत्र्याला दव होऊन चिकटते आणि ओघळून तळाशी जाते, ही गोष्ट खोटी नाही. परंतु तिचा हिशेब मांडून पाहिला तर तिचे प्रमाण फार लहान निघते. वरील टाकीत डिझेलवर चाळीस लिटर हवा आहे. रात्री दहा अंशांनी तापमान उतरले तर ती हवा आकुंचन पावते आणि झाकणाच्या श्वासछिद्रातून फार तर दीड लिटर नवी हवा आत येते. पावसाळ्यातील तीस अंशांच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक लिटर हवेत सुमारे तीस मिलिग्रॅम पाणी असते. म्हणजे रोज रात्री, सारेच्या सारे बाष्प पाणी झाले असे धरले, तरी पंचेचाळीस मिलिग्रॅम. सबंध पावसाळ्याच्या एकशेवीस रात्रींचे मिळून ते साडेपाच ग्रॅम होते. चहाचा एक चमचा भरेल एवढेच. टाकी भरून ठेवली तर तेही टळते, आणि पुढे सांगितलेल्या कारणासाठी ते टाळावेच. पण इंजिन बंद पाडणारे लिटर-दोन लिटर पाणी घामातून आलेले नसते.

ते बॅरलमधून आलेले असते. बॅरलचे वरचे तोंड नीट पाहिले तर ध्यानात येईल की त्याचा पत्रा कडेच्या कडीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर खाली असतो. उभ्या बॅरलवर पाऊस पडला की तेथे एक लहानसे तळेच तयार होते. कडेपर्यंत भरले तर त्यात चार-पाच लिटर पाणी मावते. दोन्ही बुचे या तळ्याच्या बुडाशी असतात. आता दुपारच्या उन्हात बॅरल चाळीस अंशांपर्यंत तापले. आतली शंभर लिटर हवा फुगली आणि बुचाच्या जुन्या, वाळलेल्या वॉशरमधून थोडी बाहेर निसटली. सायंकाळी सर आली, बॅरल पंचवीस अंशांवर उतरले. हवा जवळजवळ पाच टक्क्यांनी आकसली आणि आत ओढ निर्माण झाली. ही ओढ हवेने भरून निघाली असती, पण बुचावर तर पाणी उभे आहे. तेव्हा बॅरल हवेऐवजी पाणीच पिते. एका संध्याकाळी ते जास्तीत जास्त पाच लिटरपर्यंत पाणी ओढू शकते, असे गणित सांगते. प्रत्यक्षात आट्यांमधून झिरपताना ते पुष्कळच कमी जाते. पण पावसाळ्यात अशा संध्याकाळी एक-दोन नसतात. बूच घट्ट आहे, वरून पाणी आत जाणार कसे, असे म्हणणाऱ्या माणसाने ही ओढ विचारात घेतलेली नसते.

आपल्या उदाहरणातील बॅरलमध्ये तीन लिटर पाणी गेले असे समजू. बॅरलचा व्यास सत्तावन्न सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्याच्या तळावर तीन लिटर पाण्याचा थर जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाडीचा होतो. वरून काठी घालून पाहिली तर तो कळणारही नाही. पण हातपंपाची नळी बुडाला टेकवलेली असते, कारण शेवटचा थेंबही वाया जाऊ नये अशी मालकाची इच्छा असते. परिणाम असा की पंपाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच डिझेलच्या आधी पाणी वर येते, आणि बॅरलने चार महिने तळाशी नीट वेगळे करून ठेवलेले पाणी मालक स्वतःच्या हाताने ट्रॅक्टरच्या टाकीत भरतो.

यानंतर टाकीत काय होते ते समजले की बाकीचे सारे आपोआप उलगडते. एक लिटर पाण्याचे वजन हजार ग्रॅम, तर एक लिटर डिझेलचे सुमारे आठशे तीस ग्रॅम. पाणी जड, म्हणून ते खाली बसते. परंतु किती वेळात बसते, हे थेंबाच्या आकारावर अवलंबून आहे, आणि तेथेच अनुभवी माणसेही फसतात. थेंब लहान झाला की त्याचा खाली जाण्याचा वेग आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. थेंब दहापट लहान झाला, तर वेग शंभरपट कमी होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे शंभर मायक्रॉनचा थेंब शांत डिझेलमधून तासाला सुमारे पंचाण्णव सेंटिमीटर खाली उतरतो. तीस सेंटिमीटर खोल टाकीचा तळ त्याला वीस मिनिटांत गाठता येतो. दहा मायक्रॉनचा थेंब मात्र तासाला जेमतेम एक सेंटिमीटर उतरतो; त्याच टाकीत त्याला तळाशी जायला एक दिवस आणि वर सहा-सात तास लागतात. नव्वद सेंटिमीटर भरलेल्या बॅरलमध्ये त्याला चार दिवस हवेत. ही सारी गती डिझेल पूर्णपणे स्थिर असतानाची आहे. डिझेल हलत असेल तर उतरलेला थेंब पुन्हा वर फेकला जातो.

हातपंपाने, ओतण्याने, खड्ड्यातील हिसक्यांनी पाण्याचे मोठे थेंब फुटून बारीक होतात. इंजिन चालू असताना पंपाकडून परत येणारे जादा डिझेल टाकीत सतत पडत असते, त्यानेही घुसळण होते. म्हणून दिवसभराच्या कामानंतर लगेच टाकीचा ड्रेन प्लग उघडून ‘पाणी नाही’ असा निर्वाळा देणे निरर्थक आहे. पाणी असते, पण ते डिझेलभर पसरलेले असते. रात्रभराच्या आठ तासांच्या शांततेत वीस मायक्रॉन व त्याहून मोठे थेंब टाकीच्या तळाला पोहोचतात. तेव्हा पाणी काढण्याची वेळ एकच: पहाटे, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ट्रॅक्टर जागचा हलवण्यापूर्वी. प्लग थोडा सैल करून पांढऱ्या काचेच्या बरणीत पाव लिटर डिझेल घ्यावे आणि बरणी पाच मिनिटे उजेडात ठेवावी. पाणी असेल तर तळाशी स्पष्ट रेघ दिसते. डिझेल नुसते धुकट, ताकासारखे दिसले तर त्यात अजून न बसलेले बारीक थेंब आहेत असे समजावे. निव्वळ डिझेल येईपर्यंत पाणी वाहू द्यावे. बरणी काचेचीच हवी. डब्यात किंवा मातीवर सोडलेल्या धारेवरून काहीही कळत नाही.

आता त्या ट्रॅक्टरने तीन दिवस बिनतक्रार काम का केले, हेही सांगता येते. टाकीतून पंपाकडे जाणारे तोंड बहुधा अगदी तळाला नसते, बोटभर वर असते. मधली जागा गाळ आणि पाणी साठण्यासाठीच सोडलेली असते. सपाट जमिनीवर, टाकी भरलेली असताना तळाचे पाणी या तोंडापर्यंत फारसे पोहोचत नाही. जे थोडे जाते ते फिल्टरच्या भांड्यात साचते. चौथ्या दिवशी टाकीतील डिझेल कमी झाले होते, चढावर ट्रॅक्टर कलला आणि पाणी सारे मागच्या कोपऱ्यात, नेमके तोंडापाशी गोळा झाले. फिल्टरचे भांडे तोवर भरलेले होतेच. त्यापुढे पंपाकडे जाण्यास पाण्याला अडथळा उरला नव्हता.

पाणी पंपात गेले तर बिघडले काय, ते जळणार नाही एवढेच ना, असे पुष्कळांना वाटते. जुन्या काळी गुऱ्हाळावर आणि नदीकाठच्या मोटरपंपाच्या जागी जी संथ गतीची, एका सिलिंडरची डिझेल इंजिने चालत, त्यांच्याबाबत ही बेफिकिरी काही अंशी खपून गेली. पाणी आले की ते इंजिन गुदमरून थांबे. गडी नळी सोडून पाणी काढी, हँडल मारी आणि इंजिन पुन्हा धकधकू लागे. तरीही त्या इंजिनांचे पंप पाण्याने झिजत नसत असे नव्हे. ती झीज दुरुस्तीच्या बाकावर उशिरा उघड होई, एवढेच.

डिझेल पंपाला वंगण म्हणून वेगळे तेल मिळत नाही, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. मुख्य अक्षाला इंजिन ऑइल मिळत असले तरी प्लंजर आणि तो ज्या नळीत सरकतो ती नळी, तसेच नोझलची सुई, यांना वंगण मिळते ते त्यांच्यातून जाणाऱ्या डिझेलचेच. या भागांमधील फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड आहे. एवढ्या फटीत डिझेलची एक पातळ साय असते आणि त्या सायीवर पोलाद पोलादाला न भिडता सरकते. पाण्याला अशी साय धरता येत नाही. थेंब त्या फटीत शिरला की त्या जागी पोलाद पोलादावर घासते आणि प्लंजरवर उभा ओरखडा उमटतो. पुढे तेवढ्या ओरखड्यातून दाब निसटू लागतो. इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही, ओढ कमी होते. दुसरी हानी इंजिन बंद असताना होते. पंपात राहिलेले पाणी रात्रभरात प्लंजरवर गंज चढवते आणि सकाळी प्लंजर नळीतच अडकून बसतो. म्हणून पाणी पंपात गेल्याचे कळल्यानंतर ‘उद्या पाहू’ म्हणून ट्रॅक्टर तसाच उभा करणे हे सर्वांत महाग पडते. तिसरी हानी नोझलच्या टोकाशी होते. ते टोक ज्वालेत असते. तेथे पोहोचलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होते, तिच्या धक्क्यांनी आणि गंजाने सुईची बैठक व बारीक छिद्रे खराब होतात. मग नोझल फवारा सोडण्याऐवजी गळू लागते, आणि त्या गळतीने धूर होतो, शेवटी पिस्टनचा माथा जळतो. पाण्याने सुरू झालेल्या बिघाडाचे बिल अशा रीतीने पिस्टनच्या नावावर लागते, आणि मूळ कारण कोणी शोधतही नाही.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला आणखी धार आली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज सहा डिझेलमध्ये गंधक दर किलोला दहा मिलिग्रॅमपर्यंतच ठेवतात. गंधक काढताना डिझेलचे नैसर्गिक वंगणगुणही बरेचसे निघून जातात आणि ते वेगळे द्रव्य मिसळून भरून काढावे लागतात. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण-मानके लागू झाल्यावर त्यांपैकी पुष्कळांत कॉमन रेल पद्धतीचे इंजेक्टर आले. जुन्या नोझलमध्ये दाब दोनशे बारच्या आसपास उघडत असे. येथे तो हजार बारच्याही पलीकडे असतो. एवढ्या दाबाखाली फट जितकी लहान आणि साय जितकी ताणलेली, तितका पाण्याचा एक थेंबही अधिक घातक. अशा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर ‘डिझेलमध्ये पाणी’ दाखविणारा दिवा असतो. तो लागला की ट्रॉली कारखान्यापर्यंत पोहोचवू आणि मग पाहू, असा विचार करू नये. इंजिन तेथेच बंद करून सेपरेटरचे भांडे रिकामे करावे. एक जुना प्लंजर स्थानिक दुरुस्तीवाला बदलून देतो. कॉमन रेलचा इंजेक्टर बहुधा पूर्ण बदलावाच लागतो.

वर चमचाभर पाणी क्षुल्लक म्हटले, त्याला एक अपवाद आहे. डिझेल आणि पाणी यांच्या सीमारेषेवर बुरशी व जिवाणू वाढतात. त्यांना पाणी लागते ते राहण्यापुरते. अन्न म्हणून ते डिझेल खातात. चार महिने निश्चल असलेल्या, उबदार टाकीत चमचाभर पाण्यावरही त्यांचा तपकिरी, बुळबुळीत साका तयार होतो. हंगामात तो हलला की फिल्टरला चिकटतो. नवा फिल्टर आठवड्याभरात तुंबला, त्यावर शेवाळासारखा थर आला आणि त्याला आंबूस वास येत असला, तर डिझेल खराब मिळाले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी टाकीचा तळ पाहावा. अशी टाकी उतरवून आतून धुऊन घेण्यावाचून इलाज नाही. भरलेली टाकी उभी करावी ती यासाठी.

पाण्यावर उपाय म्हणून टाकीत स्पिरिट ओतण्याची युक्ती ऐकू येते. स्पिरिटाने पाणी दिसेनासे होते हे खरे; पण ते नाहीसे झालेले नसते. तळाशी स्वस्थ बसलेले, प्लगने काढता येण्याजोगे पाणी स्पिरिटात मिसळून फिल्टरमधून पार होते आणि पंपात जाते. शिवाय स्पिरिटामुळे डिझेल लवकर पेट घेणारे बनते, त्याचे वंगणही घटते. फिल्टरच्या कागदालाही मर्यादा आहे: तो बारीक थेंब एकत्र जोडून मोठे करतो व खाली पाडतो, पण डिझेलमध्ये पूर्ण विरघळलेले पाणी त्याला अडवता येत नाही. सुदैवाने तसे पाणी फार थोडे, लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते.

पुराची गोष्ट मात्र निराळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली, आणि जुलै २०२१ मध्ये नदीकाठ पुन्हा पाण्याखाली आला. बुडालेल्या टाकीत श्वासछिद्रातून पाणी शिरते व हलके डिझेल वर तरंगून बाहेर पडत जाते. टाकी ‘भरलेली’ दिसते, पण बरीचशी पाण्याने. अशा ट्रॅक्टरला एकदाही स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय त्या एका फिरण्याने टाकीतील गढूळ पाणी पंपात खेचले जाते. टाकी, नळ्या, फिल्टर रिकामे करावे, इंजिन ऑइल काढावे, आणि पंप उघडण्यास दोन-चार दिवस लागणार असतील तर तोवर त्यात स्वच्छ डिझेल भरून ठेवावे, म्हणजे गंज धरत नाही.

आपल्या उदाहरणातील मालकाने पुढे काय करावे, ते आता सांगता येते. रस्त्यावर इंजिन बंद पडल्यावर पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नये. फिल्टरचे भांडे व टाकी ड्रेन करावी. तीन लिटर पाणी भरले असेल तर साधारण तेवढे बाहेर येईपर्यंत समाधान मानू नये. फिल्टर नवे घालावेत, ओले झालेले जुने पुन्हा वापरू नयेत. स्वच्छ डिझेल भरून, हातपंपाच्या साह्याने नळ्यांतून व पंपातून ते वाहू देऊन पाणी व एअर दोन्ही काढावी आणि मगच इंजिन सुरू करावे. त्याच दिवशी ते तासभर तरी चालवावे, म्हणजे उरलेला ओलावा निघून जाईल. तरीही इंजिन एका सिलिंडरवर अडखळत राहिले तर पंप आणि नोझल तपासणीच्या बाकावर न्यावेत.

बॅरल छपराखाली घ्यावे. जागा नसेल तर एका बाजूला वीट सरकवून ते असे कलते ठेवावे की दोन्ही बुचे सारख्या उंचीवर येतील आणि पावसाचे पाणी खालच्या कडेला, बुचांपासून दूर साठेल. हातपंपाची नळी कापून बुडापासून आठ-दहा सेंटिमीटर वर ठेवावी. तळाचे वीसेक लिटर डिझेल अडकून पडते खरे, पण ते वाया जात नाही, हंगामाअखेर बॅरल कलते करून निथळून घेता येते. बॅरल हलवले तर एक पूर्ण दिवस ते स्वस्थ असू द्यावे आणि मगच त्यातून भरावे. टाकी भरल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार पहाटे काचेच्या बरणीची परीक्षा रोज घ्यावी. सलग दोन पहाटे बरणी स्वच्छ आली की ती आठवड्यातून एकदा पुरेशी होते.